सिमिलॅरिटी रिपोर्ट कसा वाचावा?

रिपोर्ट हातात पडला की बहुतेकांची नजर आधी टक्क्यांवर जाते. तो आकडा एवढंच सांगतो, की तुमच्या लेखनातले किती शब्द इतरत्र सापडलेल्या मजकुराशी जुळले. जुळणी योग्य की अयोग्य, हे सॉफ्टवेअरला कळत नाही. ते माणसालाच पाहावं लागतं.

समजा, १२,००० शब्दांच्या प्रबंधाचा रिपोर्ट २७ टक्के आला. त्यातले ११ टक्के निव्वळ संदर्भसूचीचे निघाले. पुस्तकांची आणि लेखांची नावं सगळीकडे सारखीच असणार, म्हणून सेटिंगमध्ये संदर्भसूची वगळून रिपोर्ट पुन्हा काढावा. ८ टक्के जुळणी विद्यार्थ्याने पूर्वी जमा केलेल्या स्वतःच्याच मसुद्याशी होती. मार्गदर्शकांना सांगून तो स्रोतही वगळता येतो. (आधी छापून आलेल्या स्वतःच्या लेखाचं मात्र तसं नाही. त्याचा संदर्भ द्यावाच लागतो.) आणखी ६ टक्के म्हणजे ‘या अभ्यासातून असे दिसून येते की’ यासारखे विखुरलेले तुकडे. ते तसेच राहू द्यावेत.

उरले २ टक्के, म्हणजे सुमारे २४० शब्द. स्रोतांच्या यादीत ते तळाशी होते, त्यामुळे सहज नजरेतून सुटले असते. पण हे सगळे शब्द चर्चेच्या प्रकरणातल्या सलग दोन परिच्छेदांतले होते. जुळलेले शब्द रिपोर्टमध्ये रंगवलेले असतात; इथे सहा-सात शब्द रंगलेले, मग एखादा कोरा, पुन्हा सहा-सात रंगलेले. अशी नक्षी दिसली की थांबा. मूळ वाक्य समोर ठेवून मधले शब्द बदलल्याची ती खूण असते. परिच्छेदाच्या शेवटी संदर्भ दिलेला होता, तरी प्रश्न सुटत नाही: त्याने विचाराचं श्रेय दिलं जातं, पण वाक्यं लेखकाची स्वतःची आहेत असंच वाचणाऱ्याला वाटतं.

इथे दोनच मार्ग आहेत. शब्द मोलाचे असतील तर जसेच्या तसे अवतरणचिन्हांत, पृष्ठक्रमांकासह द्या. नाहीतर मूळ लेख मिटून ठेवा आणि तुम्हाला काय समजलं ते लिहा. लिहून झाल्यावर तपशील मूळ लेखाशी ताडून पाहा आणि संदर्भ कायम ठेवा.

रिपोर्ट ज्या संकेतस्थळाकडे बोट दाखवतो, तेच मूळ असेल असंही नाही; त्यानेही तो मजकूर दुसरीकडून उचललेला असू शकतो. संदर्भ देण्यापूर्वी मूळ लेख शोधा.

टक्के उतरावेत म्हणून समानार्थी शब्द घालून देण्याचं काम आम्ही घेत नाही. भेटीला येताना पूर्ण रिपोर्ट आणा, फक्त पहिलं पान नको. शंका असलेल्या परिच्छेदांचे मूळ लेखही सोबत असू द्या. दोन्ही शेजारी ठेवून आपण वाक्यागणिक पाहू.