विरोध आहे, पण कुठल्या यादीत? अनुच्छेद २५४ची पार्श्वभूमी

केंद्राचा कायदा एक सांगतो, राज्याचा दुसरे, असा प्रश्न परीक्षेत समोर आला की बहुतेक उत्तरे पहिल्याच ओळीत संविधानाचा अनुच्छेद २५४ गाठतात. बरेच गुण तिथेच जातात. कारण राज्याला तो विषय हाताळण्याचा अधिकारच नसेल, तर त्याचा कायदा त्याच कारणाने पडतो आणि विसंगतीचा मुद्दा उरतच नाही. म्हणून आधी कायद्याचे सार कुठल्या सूचीतल्या कुठल्या नोंदीत बसते ते पाहायचे. दुसऱ्याच्या विषयाला ओझरता स्पर्श झाल्याने कायदा बाद होत नाही, हे बंगालच्या सावकारी कायद्यावरील १९४७च्या निकालापासून पक्के आहे.

१९३५च्या भारत सरकार कायद्यातले कलम १०७ हा अनुच्छेद २५४चा पूर्वज. समवर्ती विषयावर केंद्राचा कायदा वरचढ, पण गव्हर्नर जनरल किंवा राजाची संमती मिळवली तर प्रांताचा कायदा त्याच्या हद्दीत टिकेल, ही रचना तिथलीच. संविधानाने त्यातले परंतुक वाढवले: राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या राज्य कायद्यात संसद नंतर भर घालू शकते, बदल करू शकते किंवा तो रद्दही करू शकते.

त्या परंतुकाचा अर्थ मुंबई राज्यातल्या पंधरा मण ज्वारीने उलगडला. जीवनावश्यक पुरवठ्याच्या १९४६च्या केंद्रीय कायद्यात कमाल शिक्षा तीन वर्षांची होती. मुंबई प्रांताला ती अपुरी वाटली, म्हणून १९४७मध्ये संमती घेऊन ती सात वर्षे केली. १९५०मध्ये संसदेने शिक्षेचे कलम नव्याने लिहिले, त्यात वेगवेगळ्या मालाला वेगवेगळी शिक्षा ठेवली. मुंबईच्या कायद्याचा उल्लेख मात्र केला नाही. एप्रिल १९५१मध्ये एकाने परवान्याशिवाय ज्वारी नेली आणि प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यापुढे त्याला दोषी ठरवले गेले. त्याचा बचाव उलटा वाटेल असा होता: मुंबईचा कायदा जिवंत आहे, म्हणून माझा गुन्हा सात वर्षांचा, म्हणून खटला फक्त सत्र न्यायालयातच चालायला हवा होता. जास्त शिक्षेचा कायदा आरोपीच लावून घेत होता! १९५४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले. वाढीव शिक्षा हा एकच विषय दोघांनीही हाताळला आणि संसद नंतर आली, तेव्हा मुंबईचे कलम गर्भित रीतीने रद्द झाले. दंडाधिकाऱ्याचा अधिकार शाबूत राहिला. संमती म्हणजे कायमचे कवच नव्हे, आणि 'रद्द केला' असे शब्दही लागत नाहीत. प्रश्नात तारखा दिल्या असतील तर त्या याचसाठी असतात.

खरा गुंता 'विसंगती' या शब्दाच्या आवाक्याचा आहे. अनुच्छेद २५४(१)मध्ये दोन तुकडे आहेत: संसद जो कायदा करण्यास सक्षम आहे तो, किंवा समवर्ती सूचीतल्या विषयावरचा विद्यमान कायदा. पहिला तुकडा सुटा वाचला तर संघसूचीतला कायदाही आत येतो. १९८३मध्ये हे वाचन बाजूला पडले. बिहारने १९८१मध्ये मोठ्या उलाढालीच्या विक्रेत्यांवर अधिभार लावला आणि तो ग्राहकाकडून वसूल करायला मनाई केली. औषध कंपन्यांचे म्हणणे होते की केंद्राचा किंमत नियंत्रण आदेश कर पुढे ढकलण्याची मुभा देतो, म्हणजे दोन्ही कायदे भिडतात. न्यायालय म्हणाले, विक्रीकर राज्यसूचीतला, किंमत नियंत्रण समवर्ती सूचीतले. २५४ लागू व्हायचा तर दोन्ही कायदे समवर्ती सूचीत हवेत. वेगवेगळ्या सूचींमधली टक्कर अनुच्छेद २४६मधल्या अग्रक्रमाने सोडवायची.

माझ्या मते निष्कर्ष बरोबर आहे, पण कंपनीच्या हिशेबाच्या वहीत टक्कर खरीच होती, ही बाब निकालात फिकी पडते. तरीही केंद्राचा आदेश मुभा देत होता, सक्ती करत नव्हता. बिहारचा कायदा पाळूनही केंद्राचा मोडत नव्हता. एक कायदा पाळल्याने दुसरा मोडतो का, ही सर्वांत सोपी कसोटी. ती उत्तीर्ण झाली म्हणून मात्र थांबायचे नाही. संसदेने तो विषय पूर्णपणे व्यापण्याचा हेतू ठेवला असेल तर राज्य कायदा तरीही पडतो.

याचे ताजे उदाहरण २०२१चे. पश्चिम बंगालच्या २०१७च्या गृहनिर्माण नियमन कायद्यात केंद्राच्या २०१६च्या स्थावर संपदा कायद्यातला मोठा भाग शब्दशः उतरवलेला होता. संमती घेतलेली नव्हती. राज्य म्हणाले, केंद्रीय कायदा स्वतःच 'इतर कायद्यांच्या जोडीने' लागू आहे. न्यायालयाने ते मान्य केले नाही: त्या शब्दांनी त्याच विषयावर समांतर यंत्रणा उभारायची मुभा मिळत नाही. म्हणजे मजकूर तंतोतंत सारखा असला तरी विसंगती असू शकते, हे ज्याच्या लक्षात येत नाही तो नेमका इथे अडकतो. आधीच दिलेल्या मंजुऱ्या मात्र न्यायालयाने वाचवल्या.

संमती घेतली असली तरी तो कागद वाचावा लागतो. मुंबईच्या भाडे नियंत्रण कायद्याच्या मुदतवाढीला संमती होती, पण ती मागताना १९७१च्या सार्वजनिक जागा रिकाम्या करण्याच्या केंद्रीय कायद्याचा उल्लेख नव्हता. २००२मध्ये न्यायालयाने ठरवले की संमती फक्त दाखवलेल्या विरोधापुरती असते. त्यामुळे त्या जागांतल्या भाडेकरूंना भाडे कायद्याचा आसरा मिळाला नाही.