पाव मिलिमीटर आणि पाच मिलिमीटर

एलपीजी साठवायच्या आडव्या लांब टाकीला कारखान्यात सगळे ‘बुलेट’ म्हणतात. मधे नळकांडं, म्हणजे शेल, आणि दोन्ही टोकं बंद करणारे फुगीर डिश एंड. डिश एंड अर्धगोल असेल तर तो जास्त दाबासाठी सगळ्यात चांगला आकार, असं कुठल्याही पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं आणि ते खरंच आहे. पण हा अर्धगोल जिथे शेलला वेल्ड करतात, तिथे प्लेट सरळ न ठेवता मुद्दाम जाड ठेवून हळूहळू उतरती केलेली दिसते. हे का करावं लागतं? दाबाखाली शेल आणि अर्धगोल सारखे फुगत नाहीत म्हणून, हे उत्तर सगळे देतात आणि ते अर्धंच असतं.

हिशोबासाठी एक टाकी घेऊ. त्रिज्या 1000 मिलिमीटर, शेलची जाडी 20 मिलिमीटर, आतला दाब 2 मेगापास्कल, म्हणजे साधारण 20 बार. शेलमध्ये परिघाच्या दिशेने येणारा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी, 100 मेगापास्कल. लांबीच्या दिशेने याच्या निम्मा, 50. गोलाचं तसं नाही. त्याच्या पत्र्यात कुठल्याही दिशेला ताण सारखाच असतो आणि तेवढ्याच जाडीत तो 50 मेगापास्कलच भरतो. म्हणजे गोलाला शेलच्या निम्मी जाडी पुरते.

दाब भरला की दोन्ही भाग फुगतात, पण सारखे नाही. समजा ते जोडलेलेच नाहीत. 20 मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या शेलची त्रिज्या 0.425 मिलिमीटरने वाढेल, तेवढ्याच जाडीच्या अर्धगोलाची फक्त 0.175 ने. फरक पाव मिलिमीटर. प्रत्यक्षात कडा वेल्डने बांधलेल्या असल्यामुळे शेलची कड आत ओढली जाते, अर्धगोलाची कड बाहेर ओढली जाते आणि दोघं मधोमध भेटतात. ही ओढाताण पत्र्याला वाकवते. त्यातून जो जादा ताण येतो त्याला विसंगतीचा ताण म्हणतात, कारण तो दाबाला तोल देण्यासाठी नसतो. शेजाऱ्याशी जुळवून घेण्यासाठी पत्र्याला जेवढं वाकावं लागतं, तेवढाच तो येतो.

आता हा ताण मोजला की जरा आश्चर्य वाटतं. जाडी सारखी असेल तर नेमक्या सांध्यावर वाकवणारा मोमेंट शून्य असतो. दोन्ही बाजू सारख्याच ताठ, म्हणून कडांमध्ये फक्त आडवी ओढ उरते, प्रत्येक मिलिमीटर परिघामागे सुमारे 27 न्यूटन. वाकण्याचा ताण सर्वात जास्त होतो तो सांध्यापासून सुमारे 86 मिलिमीटरवर, आणि तिथेही तो जेमतेम 15 मेगापास्कल. शेलच्या बाहेरच्या पृष्ठभागावर लांबीच्या दिशेचा ताण 50 चा 65 होतो, इतकंच. परिघाच्या दिशेचा ताण सांध्यावर उलट कमी होऊन 75 वर येतो. तो पुढे सुमारे 200 मिलिमीटरवर 103 पर्यंत चढतो आणि परत 100 वर स्थिरावतो. अर्धगोलात वाकणं उलट्या बाजूने होतं, म्हणून तिथे जादा ताण आतल्या पृष्ठभागावर सापडतो. पत्रा किती ताणला जातो हे मोजणारे स्ट्रेन गेज कुठे चिकटवायचे हे ठरवताना एवढं लक्षात ठेवावं. बाहेरून फक्त वेल्डजवळ गेज लावून ‘इथे काहीच वाढ नाही’ असा निष्कर्ष काढणं सोपं असतं आणि चुकीचं.

हा परिणाम लांबवर पोचत नाही. त्याची मोजपट्टी म्हणजे √(rt), इथे त्रिज्या 1000 आणि जाडी 20 असल्याने 141 मिलिमीटर. सांध्यापासून 2.5√(rt), म्हणजे 350 मिलिमीटर गेलं की कडेच्या वाकण्याचे जेमतेम चार टक्के उरतात. डिझाइनमध्ये पाइप जोडायचं तोंड, म्हणजे नॉझल, किंवा सपोर्टचा पॅड सांध्यापासून किती दूर ठेवायचा याचा विचार याच अंतराने करतात. दोन वेगवेगळ्या विसंगती या पट्ट्यात आल्या तर त्यांचे ताण एकमेकांत मिसळतात.

मग पाव मिलिमीटरच्या या फरकासाठी सांधा जाड करतात का? नाही. खरी अडचण पुढे आहे.

वरच्या उदाहरणात अर्धगोलही 20 मिलिमीटरचा धरला होता. कोणीही शहाणा माणूस तसं करत नाही. निम्मी जाडी पुरत असताना पूर्ण जाडी घेणं म्हणजे या मापाच्या एका डिश एंडमागे अर्धा टन स्टील फुकट घालवणं. म्हणून अर्धगोल 10 मिलिमीटरचा होतो. त्यातला ताण आता 100 मेगापास्कल आणि त्याची मोकळी वाढ 0.35 मिलिमीटर. शेलची 0.425 च. फरक 0.25 वरून 0.075 मिलिमीटरवर आला! पातळ अर्धगोल जास्त फुगतो, त्यामुळे तो शेलशी अधिक जुळतो. अर्धगोलाची जाडी शेलच्या 41 टक्के केली, तर हा फरक जवळजवळ नाहीसाच होतो. फुगण्यातला फरक हाच खलनायक असता, तर इथे गोष्ट संपली असती.

पण 10 मिलिमीटरची प्लेट 20 च्या प्लेटला जोडायची कशी? कारखान्यात सोय बघून आतले पृष्ठभाग एका रेषेत ठेवतात, म्हणजे आतला व्यास एकच राहतो, आत पायरी येत नाही, द्रव साचत नाही. त्यामुळे सगळी पायरी बाहेर येते आणि दोन प्लेटांच्या मध्यरेषा 5 मिलिमीटरने सरकतात. दाबामुळे अर्धगोल लांबीच्या दिशेने जी ओढ शेलवर टाकतो ती इथे परिघाच्या प्रत्येक मिलिमीटरमागे 1000 न्यूटन आहे. ती शेलच्या मध्यातून न जाता 5 मिलिमीटर आतून जाते. 1000 गुणिले 5, म्हणजे दर मिलिमीटरला 5000 न्यूटन-मिलिमीटरचा मोमेंट, आणि तो दाब भरताच लागू होतो.

हा मोमेंट दोन्ही बाजूंत वाटला जातो. शेल ताठ असल्याने ते सुमारे 3600 घेतं आणि अर्धगोलाच्या वाट्याला 1400 येतात. ऐकायला अर्धगोल स्वस्तात सुटला. पण वाकण्याचा ताण जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. 3600 चा मोमेंट 20 च्या प्लेटमध्ये 54 मेगापास्कल देतो, तर 1400 चा मोमेंट 10 च्या प्लेटमध्ये 84. अर्धगोलाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर, अगदी वेल्डच्या कडेला, ताण 100 चा 184 होतो. मध्यरेषा एका रेषेत ठेवल्या असत्या तर हाच आकडा 108 च्या आसपास राहिला असता. म्हणजे नुकसान पाव मिलिमीटरच्या फुगण्याने फारसं होत नाही, ते होतं पाच मिलिमीटरच्या सरकण्याने. शिवाय त्याच जागी बाहेर काटकोनी पायरी असते, आणि अशा आत वळलेल्या कोपऱ्यात ताण आणखी एकवटतो. वाकणं, पायरीचा कोपरा आणि वेल्डची कड हे तिन्ही एकाच रेषेवर येणं हीच खरी काळजीची गोष्ट.

सांध्याची जाडी म्हणूनच वाढवतात. अर्धगोलाची कड 20 मिलिमीटरच्या आसपास जाड ठेवायची आणि तिथून वर तिला उतार देत 10 वर आणायचं. वाकण्याचा मोमेंट सांध्यापासून झपाट्याने ओसरतो. आपल्या 10 मिलिमीटरच्या अर्धगोलात 30 मिलिमीटर पुढे गेल्यावर तो साधारण निम्मा झालेला असतो. जिथे मोमेंट मोठा, तिथे पत्रा जाड मिळतो, आणि पत्रा पातळ होईपर्यंत मोमेंट उतरलेला असतो. जाड भाग ताठ असल्यामुळे मोमेंटचा थोडा जास्त वाटा खेचतो हे खरं, पण जाडीचा वर्ग त्याच्यावर मात करतो. आणि मध्यरेषा एका उडीत न सरकता उतारावरून सरकते, कोपरा उरत नाही.

एएसएमई या अमेरिकी संस्थेच्या दाबाच्या टाक्यांसाठीच्या कोडमध्ये, सेक्शन 8, डिव्हिजन 1 मध्ये, यासाठी साधा नियम आहे. दोन प्लेटांच्या जाडीतला फरक पातळ प्लेटच्या एक चतुर्थांशापेक्षा किंवा 3 मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, यांतलं जे कमी असेल ते धरून, तर उतार द्यायलाच हवा, आणि त्याची लांबी पायरीच्या किमान तिप्पट हवी. आपल्या टाकीत पायरी 10 मिलिमीटरची, म्हणून उतार किमान 30 मिलिमीटरचा. वेल्डची रुंदी या लांबीत धरता येते. तिप्पट ही किमान अट आहे. दाब वारंवार चढउतार होणार असेल तर यापेक्षा सौम्य उतार देणं शहाणपणाचं.

उतार कुठल्या बाजूला घालायचा, यात नवशिके ड्राफ्ट्समन हमखास घसरतात. टॅन्जंट लाइन, म्हणजे जिथे नळकांडं संपून गोलाई सुरू होते ती रेषा, तिच्या शेलकडच्या बाजूला उतार दिला तर नळकांड्याचाच एक पट्टा पातळ होतो. तिथे परिघाच्या दिशेचा ताण 20 मिलिमीटरसाठी 100 आहे. जाडी 10 वर आली तर 200 कडे जातो. शेजारचे भाग थोडा भार उचलतात, पण त्यावर भरवसा ठेवून डिझाइन करत नाहीत. म्हणून नळकांडं टॅन्जंट लाइनपर्यंत पूर्ण जाडीचं ठेवायचं आणि उतार गोलाकडे द्यायचा, कारण जादा जाडीची गरज नसलेला भाग तोच आहे.

‘मग अजून जाड करा, बिघडलं काय’ हा विचारही महागात पडतो. सांध्यावर कल्पनेत एक इतकी जाड रिंग घ्या की ती फुगतच नाही. आता शेलला 0.425 मिलिमीटरची सगळी वाढ त्या रिंगजवळ गिळावी लागते. वाकण्याचा ताण 154 मेगापास्कल, लांबीच्या दिशेचा एकूण ताण 50 वरून 204. म्हणजे साध्या सांध्याच्या तिपटीहून जास्त, आणि तो आपणच जादा स्टील घालून ओढवून घेतलेला. फ्लॅट एंड किंवा जाड फ्लॅंज शेलला जोडताना नेमकं हेच होतं.

तरी 184 मेगापास्कल बघून टाकी फुटेल असं समजू नये. हा ताण दुय्यम वर्गातला आहे. स्टील तिथे थोडं ताणलं गेलं की कडा जुळतात आणि ओढाताण स्वतःच सैल होते. म्हणून याच कोडच्या डिव्हिजन 2 मध्ये सभोवारचा मूळ ताण आणि असा दुय्यम ताण मिळून होणारा चढउतार परवानगीच्या ताणाच्या तिपटीपर्यंत चालवून घेतात. नेहमी वापरात असलेल्या एसए-516 ग्रेड 70 प्लेटसाठी साध्या तापमानाला डिव्हिजन 1 मधला परवानगीचा ताण 138 मेगापास्कल आहे, तो धरला तरी मर्यादा 414 येते. आपण तिच्या बरेच खाली आहोत. अडचण येते ती दाब हजारो वेळा चढल्या-उतरल्यावर. मग भेग सुरू होते ती बहुतेक वेळा पातळ बाजूच्या वेल्डच्या कडेला, आणि ती परिघाच्या दिशेने धावते. तपासणीत चुंबकीय कणांची किंवा डाय पेनिट्रंटची चाचणी याच रेषेवर बारकाईने करावी. आतला पृष्ठभाग सपाट ठेवलेल्या सांध्यात आधी बाहेरची कड बघावी.

आणि फिट-अप, म्हणजे वेल्डआधी प्लेट एकमेकींना जुळवणं. दोन्ही प्लेट 20 च्या असूनही जोडताना त्या 2 मिलिमीटरने वरखाली बसल्या, तर त्या चुकीने वेल्डवर येणारा वाकण्याचा ताण 15 मेगापास्कल असतो. म्हणजे सारख्या जाडीच्या सांध्यातल्या सगळ्या विसंगतीएवढा, आणि तोही 86 मिलिमीटर दूर नाही, नेमका वेल्डच्या कडेवर. अर्धगोलाचा शेलशी असलेला गोल वेल्ड एएसएमईमध्ये शेलच्या लांबीच्या वेल्डसारखाच ‘कॅटेगरी ए’ मध्ये धरतात, नेहमीच्या गोल वेल्डसारखा ‘बी’ मध्ये नाही, आणि ए साठी वरखाली बसण्याची मुभा जास्त काटेकोर आहे. टॅक, म्हणजे तात्पुरते छोटे वेल्ड, मारण्याआधी प्लेटांचा वरखालीपणा मोजणारं हाय-लो गेज परिघावर सगळीकडे फिरवून बघणं फिटरला कंटाळवाणं वाटतं. उतार किती गुळगुळीत ग्राइंड केलाय याची चर्चा त्या मानाने फार रंगते.