अठरा वर्षांखालच्या पोरांचं शिफ्ट-टेबल: साडेचार तास, सहा तास आणि संध्याकाळचे सात हे आकडे आले कुठून

दुकानाचं किंवा कारखान्याचं शिफ्ट-टेबल बनवणारे बरेच जण अठराखालच्या मुलाला सरळ "हाफ शिफ्ट" लावून मोकळे होतात, आणि ही हाफ शिफ्ट म्हणजे नेमकं काय हे बघायचं तर मुंबईच्या गिरण्यांपर्यंत मागे जावं लागतं.

1881 च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यात सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास अशी मर्यादा होती. नऊ तास! आणि मोठ्यांना तर मर्यादाच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे आणि गिरणी कामगार तेव्हा रविवारच्या सुट्टीसाठी झगडत होते, ती 1890 मध्ये मिळाली. 1891 च्या कायद्यात मुलांचं वय नऊ ते चौदा झालं, तास सात झाले आणि पहाटे पाचच्या आधी, रात्री आठच्या नंतर काम बंद. पण गिरणीचा दिवस तर बारा-तेरा तासांचा, पुढे विजेचे दिवे आल्यावर अजूनच लांबला, मग गिरणीवाल्यांनी पोरांच्या दोन तुकड्या केल्या, एक सकाळची, एक दुपारची. हेच ते हाफटायमर.

कायद्यात तास प्रत्येक मुलाचे मोजले जायचे, मशीन मात्र दिवसभर चालू. त्यामुळे सकाळच्या तुकडीतलं पोरगं दुपारीही थांबलं तर इन्स्पेक्टरला ते कळणार कसं? अहमदाबादला तर एकच मूल सकाळी एका गिरणीत आणि दुपारी दुसऱ्या गिरणीत, दोन्हीकडचे हिशोब कागदावर एकदम बरोबर. म्हणून नंतरच्या कायद्यांमध्ये एकाच दिवशी दोन ठिकाणी काम करायला बंदी आली.

आकड्यांकडे नीट बघितलं तर गंमत दिसते. 1911 मध्ये कापड गिरणीत मोठ्या पुरुषांना बारा तास, मुलांना सहा. 1934 मध्ये मोठ्यांना दहा, मुलांना पाच. 1948 मध्ये नऊ आणि साडेचार. (1922 मध्ये अकरा आणि सहा, तेवढं एक बसत नाही.) माझ्या मते साडेचार हा आकडा मुलाच्या तब्येतीवरून आलेला नाही, मोठ्यांची शिफ्ट बरोब्बर अर्धी केली की दोन तुकड्यांत पूर्ण दिवस भरतो, त्यातून तो आला असावा, आणि हे मला आजही खटकतं.

1948 च्या कायद्याने तुकड्यांची पळवाट मात्र नीट बुजवली. दोनच शिफ्ट, एकमेकींवर चढलेल्या चालणार नाहीत, प्रत्येकीचा पसारा, म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा सगळा वेळ, पाच तासांपेक्षा जास्त नको, आणि मुलाची तुकडी तीस दिवसांत एकदाच बदलायची, त्याहून जास्त वेळा बदलायची तर आधी परवानगी. हा कायदा 2025 पर्यंत चालला, त्यात चौदाखालच्यांना कारखान्यात बंदीच होती. पंधरा ते अठरामधल्याकडे मोठ्यांसारखं काम करायला फिट असल्याचा डॉक्टरी दाखला नसेल तर तो कायदा त्याला मूलच धरायचा, म्हणजे तोच साडेचार तासांचा नियम लागू. बरेच जण इथेच फसायचे, कारण सतरा वर्षांचा पोरगा दिसायला मोठा असतो आणि दाखला कोणी मागायचंच नाही.

दुकानं, हॉटेलं यांना 1986 चा बालकामगार कायदा लागतो, 2016 च्या दुरुस्तीनंतर त्यातले तासांचे नियम चौदा ते अठराच्या किशोरांसाठी झाले. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, मग किमान एक तास सुट्टी, आणि सुट्टी व कामासाठी ताटकळत बसलेला वेळ धरून दिवसाचा सगळा पसारा सहा तासांत. संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही. ओव्हरटाइम नाही.

आता पुण्यातलं एखादं मिठाईचं दुकान घ्या, दिवाळीची गर्दी, दुकान सकाळी दहा ते रात्री दहा, सोळा वर्षांचा एक मुलगा. मालकाला तो संध्याकाळी हवा, म्हणून टेबलमध्ये लिहितो चार ते दहा, सहा तास झाले की! पण सातनंतरचे तीन तास बेकायदेशीर आणि मधली सुट्टीही गायब. पसारा उलटा मोजायचा: शेवट सातला, म्हणजे सुरुवात लवकरात लवकर एकला. एक ते चार काम, चार ते पाच सुट्टी, पाच ते सात काम. प्रत्यक्ष काम पाच तास, सहा नाही, आणि "सुट्टीत जरा काउंटर बघ" म्हटलं की ती सुट्टी उरत नाही, सलग तीन तासांचा नियम तिथेच मोडला. सात ते दहाची गर्दी मोठ्या माणसांनीच सांभाळायची, त्यासाठी माणूस आधीच बघून ठेवा, नाहीतर पावणेसातला गिऱ्हाईक उभं असताना पोराला घरी जा म्हणायची हिंमत कोणी करत नाही.

आठवड्याची एक पूर्ण सुट्टी वेगळी, तिचा दिवस दुकानात दिसेल असा लावून ठेवायचा आणि तीन महिन्यांतून एकदाच बदलता येतो, त्यामुळे लक्ष्मीपूजनाचा वार बघून ऐनवेळी सुट्टी सरकवायची सोय नाही, टेबल दिवाळीच्या बरंच आधी बनवायला लागतं.