चालताना पाय भरून येतात: कण्याच्या अरुंद नळीचं मोजमाप मिलिमीटरपासून चित्रापर्यंत कसं आलं

कमरेच्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये बऱ्याचदा एक छोटा तक्ता असतो. एल वन-टू, एल टू-थ्री असं कमरेच्या मणक्यांच्या जोडीजोडीने खाली उतरत प्रत्येक पातळीवर, नसा ज्यातून जातात त्या कण्याच्या नळीची रुंदी मिलिमीटरमध्ये दिलेली असते. पेशंटची नजर आधी तिथेच जाते. "डॉक्टर, इथे आठ आलंय, म्हणजे किती वाईट?" या आठाला अर्थ कुठून आला ते कळलं, की त्याची मर्यादाही कळते.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट शहरात हेंक व्हर्बीस्ट नावाचे न्यूरोसर्जन होते. चालायला किंवा उभं राहायला लागलं की पाय दुखतात, बधिर होतात, आणि आडवं होताच सगळं थांबतं, असे पेशंट त्यांच्याकडे येत. तोवर चालताना पाय दुखण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पायाच्या रक्तवाहिन्या. पण या लोकांच्या पायाची नाडी चांगली लागत होती. व्हर्बीस्ट यांनी ऑपरेशनच्या वेळी हाडाची नळी पुढून मागे प्रत्यक्ष मोजली, आणि ती जन्मतःच अरुंद असू शकते हे १९५४च्या त्यांच्या गाजलेल्या लेखात मांडलं. पुढे त्यांचीच हद्द रूढ झाली: १० मिलिमीटर किंवा कमी म्हणजे पूर्ण अरुंद, १० ते १२ म्हणजे सापेक्ष अरुंद. सापेक्ष याचा अर्थ असा, की तेवढ्याने त्रास होईलच असं नाही, पण दोन मणक्यांमधली गादी थोडी जरी सरकली तरी नसांना जागा उरत नाही.

ही मोजणी हाडाची होती. आज बहुतेकांची नळी उतारवयात आवळते, तीही गादीच्या पातळीवर. पुढून गादी फुगते, मागून पिवळा अस्थिबंध जाड होतो, बाजूचे छोटे सांधे वाढतात. तिन्हीकडून आवळलेल्या नळीचा आकार त्रिकोणी होतो, आणि पुढून मागे धरलेल्या एका रेषेत तो मावत नाही. सीटी स्कॅन आल्यावर म्हणूनच रेषेऐवजी क्षेत्रफळ मोजायला सुरुवात झाली. १९८५ मध्ये शॉनस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी नसांभोवतीच्या पिशवीचं क्षेत्रफळ हाच खरा निकष धरला. पुढे १०० चौरस मिलिमीटरच्या खाली अरुंद आणि ७५ च्या खाली तीव्र, असा हिशेब रुळला.

एमआरआयने आणखी एक गोष्ट दाखवली, ती म्हणजे पिशवीच्या आतलं. एमआरआयच्या टी-टू प्रकारच्या चित्रात मणक्यातलं पाणी पांढरं दिसतं आणि त्यात नसांची मुळं काळसर ठिपक्यांसारखी. स्विस सर्जन शिझास आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये आकडा बाजूला ठेवून या चित्रावरूनच चार श्रेणी केल्या. 'ए'मध्ये पाणी स्पष्ट दिसतं. 'बी'मध्ये मुळांनी पिशवी भरलेली, पण ती वेगवेगळी ओळखू येतात आणि मधे पाण्याचे कण चमकतात. 'सी'मध्ये एकही मूळ वेगळं दिसत नाही, सगळं करड्या रंगाचं, मात्र मागची चरबी शिल्लक असते. 'डी'मध्ये तीही दिसेनाशी होते. मला ही पद्धत आवडते, कारण नसेला जागा उरली आहे का, हा प्रश्न ती थेट विचारते.

तरीही चित्र आणि पाय यांचं नातं सैल आहे. १९९० मध्ये बोडेन यांच्या गटाने कधीच कंबरदुखी वा पायदुखी न झालेल्या ६७ जणांचा एमआरआय केला. साठीपुढच्यांपैकी सुमारे २१ टक्क्यांमध्ये नळी अरुंद दिसली. त्रास नसेल तर 'सी' लिहिलेल्या रिपोर्टवर ऑपरेशन करू नये, ते याचसाठी.

माझ्यासमोर आलेल्या एका सत्तरीच्या मावशींचं उदाहरण घ्या. मंडईपर्यंत दीडशे पावलं चालल्या की दोन्ही पोटऱ्या जड होत, मग मुंग्या येत. नुसतं उभं राहून भागत नसे, कट्ट्यावर बसावं लागे. दोन मिनिटांत बरं. सुपरमार्केटमध्ये ट्रॉलीवर वाकून मात्र त्या अर्धा तास फिरत. वाकलं की नळी उघडते, ताठ झालं की अस्थिबंध आत दुमडतो. दुखणं रक्तवाहिनीचं असतं तर बसायची गरज नव्हती, थांबणंच पुरे झालं असतं. पायाची नाडी लागत होती. तक्त्यात एल फोर-फाइव्हला ८ मिलिमीटर, चित्रात 'सी'. इथे तक्रार, तपासणी आणि चित्र जुळलं, म्हणून त्या 'सी'ला वजन आलं.

मशीनमध्ये त्या गुडघ्यांखाली उशी घेऊन वीस-पंचवीस मिनिटं पडून होत्या. "काही दुखलं नाही हो," बाहेर आल्यावर म्हणाल्या. दुखणार नव्हतंच. त्यांना आराम देणाऱ्या स्थितीतच आम्ही त्यांचं चित्र घेतलं होतं, त्यामुळे उभं असताना ती नळी त्या चित्राहूनही अरुंद असण्याची शक्यता जास्त होती.