कॉफी तेवढीच, धडधड मात्र एकीलाच

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून चारच्या सुमारास पोरं कॉफीसाठी बाहेर पडतात. समजा, एमपीएससीची तयारी करणाऱ्या दोन मैत्रिणी रोज तेव्हा कोल्ड ब्रूचा एकेक मोठा ग्लास घेतात. त्यात २०० मिलिग्रॅम कॅफीन आहे असं धरू. एक रात्री निवांत झोपते. दुसरी दोन वाजता दचकून उठते. छाती धडधडते, हात थरथरतात, श्वास पुरत नाही, आता आपलं काही खरं नाही असं वाटतं. ईसीजी मात्र नॉर्मल येतो.

फरकाचं एक कारण यकृतात आहे. तिथलं सीवायपी१ए२ नावाचं एन्झाइम कॅफीन मोडतं. बहुतेकांच्या शरीरातलं निम्मं कॅफीन पाचेक तासांत संपतं, म्हणजे पहिलीकडे रात्री दोनला ५० मिलिग्रॅम उरतं. दुसरी पीसीओडीसाठी गर्भनिरोधक गोळ्या घेते. त्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे हे एन्झाइम मंदावतं आणि तो काळ जवळपास दुप्पट होतो. तिच्याकडे दोनला १०० उरतं, सकाळी आठला साठ-पासष्ट. त्यावर पुन्हा सकाळची कॉफी. सिगारेटचं नेमकं उलटं होतं. धुरामुळे हे एन्झाइम जोरात चालतं, त्यामुळे सिगारेट सोडणाऱ्याला नेहमीचीच कॉफी अचानक जड जाते आणि तो दोष देतो सिगारेट सोडण्याला.

पण सगळं यकृतावर ढकलता येत नाही. मेंदूला शांत करणाऱ्या अ‍ॅडेनोसीनचं काम कॅफीन अडवतं, आणि काहींच्या मेंदूत जनुकांमुळेच त्याचा परिणाम तीव्र होतो. पॅनिक डिसऑर्डर असलेल्यांना प्रयोगांत एकदम चार-पाच कप कॉफीइतकं कॅफीन दिलं, तेव्हा जवळपास निम्म्यांना पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक तीव्र भीतीचा झटका आला. निरोगी लोकांत तो क्वचितच आला. वाढलेले ठोके जाणवले की माणूस घाबरतो, घाबरल्यावर अ‍ॅड्रेनलीन सुटतं, ठोके आणखी वाढतात. हा भर साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचून ओसरू लागतो. नुसत्या कॅफीनची थरथर हळूहळू चढते आणि काही तास रेंगाळते.

युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत हरकत नाही असं म्हटलं. गरोदरपणात दिवसभरात २००. घरच्या इन्स्टंट कॉफीच्या कपात ६० ते ८० असतं, चहात त्याहून कमी. दुसऱ्या मैत्रिणीसाठी ४०० हा आकडा माझ्या मते निरुपयोगी आहे. तिने दुपारनंतरची कॉफी बंद करून दोन-तीन आठवडे पाहावं, पण दर तीन-चार दिवसांनी थोडी थोडी कमी करत. एकदम सोडली तर दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं, चिडचिड होते, आणि तीच भीती परत आली असं वाटू शकतं. कॉफी घटवूनही धडधड राहिली तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासावं. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं किंवा ठोके अनियमित होणं यांपैकी काही असेल, तर कॉफीचा हिशोब बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जावं.