व्हार्निशचा एकच जाड हात की तीन पातळ?

"व्हार्निशचा एकच जाड हात मारा, दार पावसाळ्यात फुगणार नाही," असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तीन पातळ हातच द्या.

तेलाचं व्हार्निश दोन टप्प्यांत वाळतं. आधी टर्पेंटाइन उडून जातं, मग हवेतला ऑक्सिजन शोषून थर कडक होतो. थर जाड असला की वरची साय आधी धरते आणि हवा खाली पोचत नाही. मग आतला भाग कित्येक दिवस मऊ राहतो, वर सुरकुत्या येतात आणि उभ्या दारावर ओघळ उतरतात. ठाण्याच्या जुलैतल्या दमट हवेत हे हमखास होतं.

सागवानी दाराला आधी १२० आणि मग १८० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेने मारा, आडवा मारलात तर ओरखडे व्हार्निशखाली उठून दिसतात. धूळ पुसून पहिला हात साधारण दहा टक्के टर्पेंटाइन घालून पातळ द्या, म्हणजे तो लाकडात मुरतो. पुढचे दोन हात डब्यावर लिहिलं असेल तसे. दोन हातांमध्ये २४ तास, पावसाळ्यात ४८ तास जाऊ द्या आणि दर वेळी ३२० नंबरचा पेपर हलका फिरवा.

हाच पेपर वाळल्याची परीक्षाही घेतो. पांढरी कोरडी भुकटी पडली तर पुढचा हात द्या. पेपरला चिकट गोळ्या लागल्या तर थांबा.

आता फुगण्याबद्दल. पाणी बहुतेकदा दाराच्या खालच्या आणि वरच्या कडेतून शिरतं, कारण तिथे लाकडाचे तंतू उघडे असतात. दार बिजागरीतून काढून त्या कडांनाही तिन्ही हात द्या. कारागीर हे सांगितल्याशिवाय सहसा करत नाहीत.