भेटवस्तूचा प्रस्ताव आणि वर्गणीची मागणी

सोसायटीच्या देखभालीची वर्गणी मागणारा संदेश सर्वांच्या परिचयाचा आहे. निर्णय बैठकीत आधीच झालेला असतो आणि संदेश फक्त रक्कम व तारीख कळवतो. सर्वांनी मिळून द्यायच्या भेटवस्तूचा संदेशही तसाच लिहिला जातो, आणि ‘कृपया’ व जोडलेले हात घातले की तो प्रस्ताव झाला, अशी समजूत दिसते. ती मला मुळीच मान्य नाही.

खरा फरक हिशेबाच्या दिशेत आहे. इंदूरमधल्या एका भजनी मंडळाचे उदाहरण घेऊ. शिकवणाऱ्या ताईंचा सत्कार रविवारी, १८ तारखेला आहे आणि त्यांना माहेश्वरी साडी द्यावी असे काहींच्या मनात आहे. ६,००० रुपयांची साडी ठरवून तिला २० सदस्यांनी भागले आणि ‘प्रत्येकी ३०० रुपये पाठवावेत’ असे लिहिले, तर ती मागणी झाली, कारण त्या भागाकारात वीसही जणींचा होकार गृहीत धरला आहे. पाच जणी आल्या नाहीत की १,५०० रुपये कमी पडतात, आणि मग उरलेल्यांकडे प्रत्येकी १०० रुपये वाढवून मागावे लागतात. प्रस्तावात आधी रक्कम जमते आणि तिच्यात बसेल ती साडी निवडली जाते. ४,५०० रुपये जमले, तर त्या किमतीचीही चांगली साडी मिळते.

संदेश असा लिहावा:

‘नमस्कार. ताईंच्या सत्कारानिमित्त आपण सर्वांनी मिळून त्यांना माहेश्वरी साडी द्यावी, असे सुचवते. ज्यांना सहभागी व्हायचे असेल त्यांनी ३०० रुपयांपर्यंत, सोयीची कोणतीही रक्कम, सोमवार, १२ तारखेपर्यंत मला यूपीआयने पाठवावी. साडी १४ तारखेला घ्यायची आहे. या वेळी जमणार नसेल तर कळवण्याचीही गरज नाही. शुभेच्छापत्रावर सर्वांची नावे असतील. वेगळी सूचना असल्यास शनिवार, १० तारखेपर्यंत सांगावी.’

मुदतीने नम्रता कमी होत नाही. उलट तिचे कारण दिले की ती कोणालाही जाचत नाही. ‘लवकरात लवकर’ मात्र लिहू नये, कारण त्यातून कोणालाच काही कळत नाही.

व्हॉट्सअॅपवर मतदान घेणे मला पसंत नाही. त्यात कोणी काय निवडले हे नावानिशी दिसते, आणि ज्यांना नकार द्यायचा असतो त्या संकोचाने होकार देतात. पैसे दिलेल्यांची यादी गटात टाकणे तर त्याहून वाईट. तिच्यात कोणाचे नाव नाही हेच सगळ्या आधी पाहतात. ताई मूळ गटात असतील तर वेगळा गट करावा, हे सांगायला नकोच.

आठवण एकदाच, ११ तारखेला, कोणाचेही नाव न घेता द्यावी. खरेदी झाल्यावर एकूण जमलेली रक्कम आणि दुकानाची पावती गटात टाकावी. कोणी किती दिले हे मात्र पैसे गोळा करणारीनेच जाणावे.